मदत हवी आहे: आरक्षण करूनही प्रिंटरचा पत्ता बदलतो

मुग्धा_सदाशिव: सदाशिव पेठेत आमचे कर सल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की राउटर पुन्हा सुरू होतो, वाय-फायवरच्या लेझर प्रिंटरला अनेकदा नवा आयपी पत्ता मिळतो आणि तिन्ही संगणकांवर तो `Offline` दिसू लागतो. म्हणून प्रिंटरमधून माहितीचे पान छापून त्यावरचा मॅक पत्ता मी राउटरच्या `Address Reservation` मध्ये 192.168.1.50 शी जोडला. तरीही काल त्याला 192.168.1.9 हाच पत्ता मिळाला. कुठे चुकले असेल?

अविनाश_बी: राउटरमध्ये शिरायलाच नको. प्रिंटरच्या मेनूत `Manual` निवडून तोच पत्ता टाका. माझ्याकडे चार वर्षे असेच सुरळीत चालू आहे.

जोशी_नेटवर्क: अविनाशराव, तसे चालते, पण तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा हवा. नाहीतर प्रिंटर बंद असताना राउटर तोच पत्ता एखाद्या फोनला देऊन बसतो आणि मग दोघांची टक्कर होते.

मुग्धाताई, त्या पानावर बहुधा दोन मॅक पत्ते असतील, एक केबलच्या जोडणीचा आणि दुसरा वाय-फायचा. ते इतके सारखे दिसतात की नजरचूक सहज होते. आपला प्रिंटर वाय-फायवर असताना केबलचा मॅक नोंदवला असेल, तर राउटरच्या लेखी ते आरक्षण दुसऱ्याच उपकरणाचे ठरते. राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत 192.168.1.9 समोर जो मॅक दिसेल, तोच आरक्षणात घ्या. त्यानंतर प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा, कारण हातात असलेल्या पत्त्याची मुदत चालू असेपर्यंत तो सहसा नवा मागत नाही.

केदार_हडपसर: माझे आरक्षण बरोबर आहे, प्रिंटर केबलने स्विचला जोडलेला आहे, तरी वीज आल्यावर तो कधीकधी 169.254 ने सुरू होणारा पत्ता दाखवतो.

जोशी_नेटवर्क: तुमचे कारण वेगळे आहे. प्रिंटर राउटरच्या आधी जागा होतो, विचारायला कोणी सापडत नाही, म्हणून तो स्वतःच पत्ता ठरवतो. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर प्रिंटर पुन्हा चालू करून पाहा.

केदार_हडपसर: तसे केले की चालतो, पण दर वेळी कोणीतरी तिथे हजर असावे लागते. आपोआप व्हावे असे काही आहे का?

मुग्धा_सदाशिव: जोशी सर, अगदी तसेच निघाले. दोन्ही मॅकमध्ये फक्त शेवटचे अक्षर वेगळे होते. दुरुस्त केल्यावर 192.168.1.50 मिळाला, राउटर दोनदा बंद-चालू केला तरी तोच राहिला. मात्र एका संगणकावरून अजून छापले जात नाही.

जोशी_नेटवर्क: त्या संगणकाच्या `Printer properties` मधील `Ports` पाहा. तिथे जुनाच पत्ता असेल. `Add Port` मधून `Standard TCP/IP Port` घेऊन नवा द्या. आरक्षण फक्त प्रिंटरचा पत्ता स्थिर ठेवते, संगणकात आधी लिहिलेला पत्ता बदलत नाही.

मुग्धा_सदाशिव: तिथे 192.168.1.7 होता. आता छापले जात आहे.