मदत हवी आहे: लांबट आणि गोल चेहऱ्याला ब्लश नेमका कुठे लावायचा? क्रीम घेऊ की पावडर?

राजारामपुरीची_मुक्ता

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे, कोल्हापुरातच. कार्यालयाला एसी नाही आणि मुहूर्त दुपारचा. तिला पार्लरचा जाड थर नको आहे, म्हणून मेकअप मीच करणार. बेस, डोळे, लिपस्टिक मला जमतं. अडतंय ते ब्लशपाशी.

तिचा चेहरा लांबट, कपाळ मोठं, रंग सावळा. माझा चेहरा गोल, गाल भरलेले. दोघींना एकाच पद्धतीने लावलं, गालाच्या हाडावरून कानशिलाकडे वर ओढत. मला ते छान दिसलं, तिचा चेहरा मात्र आणखी लांब वाटायला लागला. असं का?

दुसरं म्हणजे क्रीम ब्लशचे डाग पडतात. फाउंडेशन, त्यावर कॉम्पॅक्ट आणि मग बोटाने क्रीम, असा क्रम आहे. रंग एका जागी चिकटून बसतो आणि पसरवायला गेलं की खालचं फाउंडेशनही निघून येतं. क्रीम बाद करून सरळ पावडर घेऊ का?

गौरी_इचलकरंजी

सोपं आहे गं. आरशात बघून हसायचं, गालाचा जो भाग फुगून वर येतो तिथे गोल गोल लावायचं. सगळ्या चेहऱ्यांना चालतं. आणि तेलकट त्वचेला पावडर, कोरड्या त्वचेला क्रीम, बास. बहिणीची त्वचा तेलकट असेल तर क्रीमचा विचारच करू नकोस, मे महिन्यात वितळून गळ्यापर्यंत येईल.

अण्णा_शाहूपुरी

मुलीच्या गालावर लाली येत नसेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. लग्नाच्या गडबडीत मुली जेवत नाहीत. बीट, खजूर, हळीव सुरू करा, महिनाभरात फरक पडेल.

राजारामपुरीची_मुक्ता

अण्णा, तिची तब्येत चांगली आहे, मी मेकअपच्या लालीबद्दल विचारतेय. हळिवाचे लाडू आईने आधीच सुरू केलेत :)

गौरी, हसून लावण्याचा प्रयोग माझ्यावर केला होता. हसणं थांबलं की रंग खाली नाकाच्या टोकाच्या रेषेत येतो आणि गाल आणखी भरलेले दिसतात.

वेणीफणी

मी इथेच नवरीचे मेकअप करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मुक्ता, ब्लश कुठे लावायचा यापेक्षा आधी हे बघ की रंग सगळ्यात गडद कुठे आहे आणि कुठल्या दिशेने विरत जातो. ब्रशचा पहिला स्पर्श जिथे होतो तिथे सगळ्यात जास्त रंग उतरतो. बघणाऱ्याची नजर त्या गडद ठिकाणी जाते आणि रंग जिकडे विरतो तिकडे सरकते. बहिणीच्या चेहऱ्यावर तू नजरेला खालून वर नेलंस, म्हणजे लांबीच्याच दिशेने. म्हणून चेहरा लांब वाटला. तुझ्या गोल चेहऱ्याला तीच चढण हवी होती.

तिच्यासाठी: तिला समोर सरळ बघायला सांग, हसायला नको. बुबुळाच्या बरोबर खाली गालाचा जो उंचवटा आहे तिथे पहिला स्पर्श कर. तिथून रंग कानाकडे आडवा ने, वर नको. पट्टा फार रुंद करू नकोस आणि कानशिलावर काहीच नको. नाकाच्या टोकाच्या रेषेखालीही उतरू नकोस.

तुझ्यासाठी: सुरुवात बाहेरून कर. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली, हाडाच्या वरच्या अंगाला पहिला स्पर्श, मग कानशिलाकडे तिरपं वर. ब्रशवर जो उरेल तेवढाच आत आण आणि नाकापासून दोन बोटं आधी थांब.

गौरी म्हणते तो फुगीर भाग चुकीचा नाही, पण तो हसतानाच तिथे असतो. फोटोत नवरी अर्धा वेळ गंभीर असते. भरलेल्या गालांवर तो रंग खाली घसरतो, हे तू स्वतःच बघितलंस.

आता डागांचं. यात क्रीमचा दोष नाही, क्रमाचा आहे. क्रीममध्ये तेल, मेण किंवा सिलिकॉन असतं. कोरड्या कॉम्पॅक्टवर ते टेकलं की खालची पावडर ओली होऊन गठ्ठा धरते आणि तू पसरवतेस तेव्हा तो गठ्ठा फाउंडेशनसकट उचलला जातो. डागाला कडा दिसते आणि मध्ये त्वचा उघडी पडते, ही त्याची खूण. रंगाऐवजी बारीक बारीक वळ्या सुटत असतील तर कारण वेगळं: खालचं मॉइश्चरायझर किंवा सनस्क्रीन मुरायच्या आधीच वर थर चढलेत, नाहीतर दोन थरांचं एकमेकांशी जमत नाही.

क्रम असा ठेव. फाउंडेशन, ते ओलसर असतानाच क्रीम ब्लश, मग लूज पावडर आणि शेवटी पावडर ब्लश. क्रीम थेट गालावर नको. आधी हाताच्या पाठीवर घे, तिथून बोटाने दोन-तीन ठिपके दे आणि ओल्या पिळलेल्या स्पंजने दाबत दाबत बसव. घासायचं नाही.

चौकोनी_चेहरा

माझं कोणी सांगेल का? माझा जबडा रुंद आणि कोपरेदार आहे, गालाची हाडंही वर आलेली. ‘हाडाखाली लावा’ हा सल्ला ऐकून तसं केलं तर मी आजारी असल्यासारखी दिसते.

वेणीफणी

हाडाखालच्या खळग्यात गडद रंग गेला की खळगा आणखी खोल वाटतो, म्हणून चेहरा ओढलेला दिसतो. तुमच्याकडे कोन आधीच भरपूर आहेत, त्यामुळे तिरपी रेघ नकोच. गौरीची पद्धत खरी तुमच्यासाठी आहे: गालाच्या मधल्या उंचवट्यावर गोलाकार फिरवा, कडा कुठे संपते ते कळता कामा नये. जबड्याच्या कोपऱ्याकडे रंग जाऊ देऊ नका. जबडा रुंद पण गाल सपाट असतील तर थोडं बाहेर आणि वर न्यावं लागतं, ते समोर बघूनच ठरतं.

गौरी_इचलकरंजी

बरं, जागेचं पटलं. पण तेलकट त्वचेला क्रीम हे अजूनही पटत नाही.

वेणीफणी

नुसतं क्रीम मीही ठेवणार नाही. पण नुसती पावडरही तेलकट गालावर तासाभरात तेल पिते आणि जागोजागी गडद होते. तेल बहुतेक कपाळ, नाक, हनुवटीवर सुटतं, गालाची बाहेरची बाजू त्यामानाने कोरडी असते. क्रीमचा अगदी पातळ थर, त्यावर लूज पावडर आणि त्याच रंगाची पावडर चिमूटभर, असं केलं तर घामाने वरचा रंग गेला तरी खालचा राहतो. जिथे रंध्रं मोठी आहेत किंवा मुरुमांचे खड्डे आहेत तिथे चमक असलेला ब्लश नको, खड्डे उठून दिसतात. कोरडे पापुद्रे असतील तर पावडर त्यांनाच जाऊन चिकटते, तिथे नुसतं क्रीम बरं.

रंगाचंही सांगते. सावळ्या रंगावर फिका बेबी पिंक पांढरट, राखेसारखा दिसतो, कारण त्यात पांढऱ्या रंगद्रव्याचा भाग जास्त असतो. डाळिंबी, विटकरी किंवा गुलबक्षी घ्या. डबीत फार गडद वाटेल, पण गालावर पातळ बसवल्यावर खरा दिसतो. हळदीच्या दुसऱ्या दिवशी त्वचा पिवळसर राहिली तर केशरी छटा टाळा, सगळंच पिवळं वाटतं. हळद चोळून गाल चुरचुरत असतील तर घासणारा ब्रशही नको.

कागलची_स्मिता

लांबट चेहऱ्यासाठी एक राहिलं. हनुवटीच्या टोकावर आणि कपाळावर केसांच्या रेषेशी ब्रशवर उरलेला रंग हलका टेकवायचा. लांबी दोन्हीकडून कमी वाटते. आम्ही मावसबहिणीला केलं होतं, फोटो छान आले.

वेणीफणी

स्मिताताई, कपाळाचं ठीक, पण नवरीला मी हनुवटीवर लावत नाही. नथ असते, लिपस्टिक गडद असते, त्यात हनुवटीवर लाली आली की तोंडाभोवती लाल घोळका होतो. नाकावरही नको, सर्दी झाल्यासारखं दिसतं.

आणि मुक्ता, मुंडावळ्या विसरू नकोस. कपाळावरची पट्टी आडवी असते, ती मोठं कपाळ कापते, हा तुमचा फायदा. पण दोन्ही बाजूंच्या सरी उभ्या लोंबतात, त्या लांबी वाढवतात आणि गालाच्या कडेला सतत घासतात. त्यामुळे आडवा पट्टा कानापर्यंत गडद ठेवू नकोस, सरींच्या बोटभर आधी विरू दे. तालमीच्या दिवशी मुंडावळ्या आणि नथ लावूनच बघ, नुसत्या चेहऱ्यावर ठरवू नकोस.

कागलची_स्मिता

घोळका होतो तो रंग जास्त घेतल्यामुळे. ब्रश आधी टिश्यूवर झटकून मग टेकवला तर होत नाही. मी तरी हनुवटीच्या बाजूनेच आहे.

राजारामपुरीची_मुक्ता

सगळ्यांचे आभार. काल बहिणीला बसवलं. एका गालावर क्रीम आणि वर पावडर, दुसऱ्यावर नुसती पावडर. दोन्ही आडवे लावले, बुबुळाखालून सुरुवात करून. मग तिला भर दुपारी महाद्वार रोडला खरेदीला घेऊन गेले. परत आल्यावर पावडरच्या गालावर रंग फक्त हाडापाशी उरला होता, बाकी घामाने पुसला गेला. क्रीमच्या गालावर फिका झाला होता पण एकसारखा. डाग नाहीत. चेहरा खरंच कमी लांब वाटतो, आईने न सांगता ओळखलं.

पण मोबाइलच्या फ्लॅशमध्ये दोन्ही गाल जवळजवळ कोरे दिसले. आणखी चढवू का? आणि जेवणानंतर फोटोंचा दुसरा फेरा आहे, तेव्हा काय करायचं?

वेणीफणी

फ्लॅश रंग खातो, म्हणून आरशात किंचित जास्त वाटेल इतका ठेव. किती, ते खिडकीच्या उजेडात हातभर लांबून बघून ठरव. आरशाला नाक लावून बघितलं तर कमीच लावलं जाईल. वाढवायचं ते वरच्या पावडरीने वाढव, क्रीमने नाही. लूज पावडर चेहऱ्यावर फार चोपडू नकोस, काही पावडरींमुळे फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा येतो. तालमीला फ्लॅशचे फोटो काढून पावडर पारखून घे.

जेवणानंतर टिश्यू गालावर दाबून घाम टिपायचा, पुसायचा नाही. मग ब्रशने पावडर ब्लश, तोही त्याच जागेवरून सुरू करून. पर्समध्ये क्रीमची डबी ठेवूच नकोस. पावडर बसलेल्या चेहऱ्यावर ती उघडली की पुन्हा तेच डाग. मे महिन्यात गाडीत राहिली तर डबीत तेलही सुटतं.

चौकोनी_चेहरा

गोलाकार लावून बघितलं, जबडा खरंच मऊ वाटतो. पण माझ्याकडे फक्त पावडर आहे आणि ब्रश मोठा आहे, रंग लगेच पसरतो. छोटा ब्रश घेऊ का?

वेणीफणी

हो. गालाच्या उंचवट्याएवढ्याच रुंदीचा, मऊ केसांचा घ्या. तोपर्यंत मोठाच ब्रश केसांच्या मुळाशी चिमटीत धरून वापरा, टोक अरुंद होतं.

राजारामपुरीची_मुक्ता

हनुवटीचं अजून ठरत नाहीये. नथ घालून दोन्ही प्रकारे फोटो काढते आणि रविवारी इथेच सांगते काय दिसलं ते.