स्लाइडवरून सकाळची सूचना कशी तयार करता? अनुभव सांगा

डिचोलीची बाई

आमची शाळा मराठी माध्यमाची. जूनच्या सुरुवातीला पालकसभेसाठी बारा स्लाइडी तयार होतात: वर्षाचे उपक्रम, शाळेचे नियम, गेल्या वर्षीचे यश. पालकसभा झाली की तीच फाईल हेडसर माझ्या हातात देतात. "बाई, सोमवारी प्रार्थनेनंतर यातलं मुलांना सांगून टाका." वाचणार आठवीतली मुलगी. वेळ तीन मिनिटे. डोक्यावर पत्रे आणि पत्र्यांवर जूनचा पाऊस.

गेल्या खेपेला दुसऱ्या एकाने स्लाइडी जशाच्या तशा वाचायला दिल्या होत्या. "आगामी उपक्रम. क्रांतिदिन. वक्तृत्व स्पर्धा. नाव नोंदणी." मुले रांगेत उभी होती, ऐकतही होती. मधल्या सुट्टीत मात्र एकालाही सांगता येईना की नाव कोणाकडे द्यायचे. तुम्ही हे कसे करता? प्रत्यक्ष केलेले सांगा.

फोंडेकर

सोपे आहे. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावा, स्लाइडी दाखवा. मुलांना चित्रे आवडतात. आम्ही मंडळाच्या सभेत हेच करतो, जमाखर्चसुद्धा पडद्यावर.

डिचोलीची बाई

दादा, असेंब्ली व्हरांड्यात असते. पडदा नाही, सकाळच्या उजेडात तो दिसणारही नाही. मला कानावर पडणारी सूचना हवी आहे.

निवृत्त मास्तर, सत्तरी

बाई, तुमची अडचण भाषेची कमी आणि माणसाची जास्त आहे. त्या स्लाइडी पालकांसाठी केलेल्या. "पालकांनी आपल्या पाल्यास वेळेवर शाळेत पाठवावे" हे वाक्य पाचवीतल्या पोराला वाचून दाखवले तर त्याने करायचे काय? म्हणून मी फाईल उघडली की आधी प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने लिहायचो, ही ओळ कोणाला उद्देशून आहे. पालक, व्यवस्थापन, शिक्षक, मुले. बारांपैकी चार स्लाइडी तिथेच गळायच्या: शीर्षक, आभार, इमारतीचे फोटो, समितीची नावे. राहिलेल्यांतूनही मुलांना या आठवड्यात काही करायचे असेल तेवढेच ठेवायचे. वार्षिक संमेलन डिसेंबरात असेल तर जूनच्या सोमवारी त्याचे नावही काढू नये.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा, सोमवार १६ जून आहे. स्लाइडवर एवढेच आहे: "१८/०६ क्रांतिदिन, वक्तृत्व स्पर्धा, इ. ८ ते १०, वेळ ५ मि., नोंदणी १६/०६ पर्यंत." मी लिहून देईन ते असे:

"आठवी, नववी, दहावी, ही सूचना तुमच्यासाठी आहे. परवा बुधवारी, अठरा जूनला, गोवा क्रांतिदिन आहे. एकोणीसशे सेहेचाळीस साली याच दिवशी डॉक्टर राममनोहर लोहियांनी मडगावला सभा घेतली होती. त्यानिमित्त परवा आपल्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होईल. बोलायला पाच मिनिटे मिळतील. ज्यांना भाग घ्यायचा आहे, त्यांनी आपले नाव आजच, मधल्या सुट्टीत, आपल्या वर्गशिक्षकांकडे द्यावे. पुन्हा सांगते. नाव आज द्यायचे, मधल्या सुट्टीत, वर्गशिक्षकांकडे."

यात बघण्यासारखे काय? इयत्ता सगळ्यात आधी आली, म्हणजे सातवीची पोरे हलली तरी चालेल आणि दहावीची कान टवकारतील. तारखेच्या आधी वार आला. "१६/०६ पर्यंत" याचे "आज" झाले, कारण वाचणारी सोमवारी वाचणार आहे. "वर्गशिक्षकांकडे" स्लाइडवर कुठेच नव्हते, ते हेडसरांना विचारून घातले. स्लाइडमध्ये कर्ता बहुधा गायब असतो आणि तो विचारल्याशिवाय सूचना पुरी होत नाही. दुसऱ्यांदा सांगायचे ते फक्त करायचे काम. लोहिया पुन्हा नकोत.

हे साधारण साठ शब्द झाले. भोंग्यावर, आवाज घुमत असताना, आठवीची मुलगी मिनिटाला ऐंशी-नव्वद शब्दांवर गेली की शेवटच्या रांगेला नुसता गोंगाट ऐकू येतो. तेव्हा तीन मिनिटांत फार तर दोनशे शब्द, म्हणजे अशा तीनच सूचना. चौथी मंगळवारी.

मयेकर

मास्तर, एक विचारू? क्रांतिदिन तर ९ ऑगस्टला ना? आमच्या शाळेच्या फाईलमध्ये तसेच आहे.

निवृत्त मास्तर, सत्तरी

९ ऑगस्ट म्हणजे १९४२ च्या छोडो भारतचा ऑगस्ट क्रांतिदिन. तो आहेच, देशभर. पण गोव्यात नुसते क्रांतिदिन म्हटले की १८ जून. तुमची फाईल महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेच्या नमुन्यावरून केलेली दिसते. बघा, १ मे महाराष्ट्र दिन त्यात आहे का आणि ३० मे गोवा घटकराज्य दिन नाही का. १९ डिसेंबर मुक्तिदिनही गायब असेल. असा नमुना मिळाला की दिनविशेष सगळे पुन्हा तपासायचे, स्लाइड कितीही सुबक असो.

मयेकर

१ मे आहे. ३० मे नाही. 🙏

संगणकवाला, मडगाव

मी संगणक शिकवतो. माझा अनुभव सूचना लिहायच्या आधीचा आहे, फाईलमधून मजकूर बाहेर काढण्याचा. बरेच जण पॉवरपॉईंटमध्ये `View` मधले `Outline View` उघडतात आणि तिथला मजकूर कॉपी करतात. काम झटपट होते, पण त्यात फक्त ठरलेल्या चौकटींतला मजकूर येतो. कोणी वेगळा टेक्स्ट बॉक्स टाकून कोपऱ्यात "वेळ बदलली: सकाळी ८" लिहिले असेल, तर ते येत नाही. आणि आयत्या वेळचा बदल नेमका अशाच कोपऱ्यात असतो. म्हणून आउटलाइन घेतल्यावर प्रत्येक स्लाइड डोळ्यांनी पाहायची.

दुसरे, लपवलेली स्लाइड. रद्द झालेला कार्यक्रम लोक काढत नाहीत, स्लाइड `Hide` करतात. पडद्यावर ती दिसत नाही, फाईलमध्ये असते. डावीकडच्या पट्टीत तिच्या आकड्यावर काट मारलेली दिसते. एका शाळेत रद्द झालेली सहल असेंब्लीत जाहीर झाली ती अशीच. पोरांनी घरी जाऊन पैसे मागितले.

तिसरे, जुने फॉन्ट. श्रीलिपीत टाइप केलेली स्लाइड मोबाईलवर पाठवली की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा काला होतो. दुरुस्त करत बसू नका. तीन सूचनाच हव्यात ना? पाहून युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. त्यातून आपोआप बोलीभाषाही येते.

वास्कोची आई

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, तिथे आठवड्यातून एक दिवस मराठीत असेंब्ली असते. तिला सूचना वाचायला मिळाली तेव्हा मी सगळी पाठ करून घेतली. पाठ असले की चुकत नाही. कागदाची गरजच काय?

माजी निवेदिका

शाळेत तीन वर्षे मीच सूचना वाचायचे, म्हणून लिहिते. पाठ करून घ्या, त्याने नजर वर राहते हे खरे. पण कागद हातात हवाच. तारीख आणि नाव या दोन गोष्टी पाठातून घसरतात. मध्येच कोणी शिंकले तरी "एकोणीस"चे "एकोणतीस" होते.

आमच्या बाई कागदावर एका ओळीत एका श्वासाचेच शब्द लिहायच्या. ओळ संपली की थांबायचे. पानाच्या शेवटी वाक्य अर्धे तोडायच्या नाहीत. आकडे अक्षरांत असायचे, "९.३०" नाही तर "साडेनऊ". इयत्ता "इ. ८ वी" असे लिहिले की नवखी पोरे "इ आठ वी" वाचतात, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. आणि अक्षर मोठे, कारण पावसाळ्यात व्हरांड्यात अंधार असतो.

पेडणेकर सर

नियमांच्या स्लाइडबद्दल कोणीच बोलले नाही. आमच्याकडे अकरा नियम होते आणि सगळे नकारार्थी. मोबाईल आणू नये, उशीर करू नये, बालरथात दंगा करू नये. अकरा "नये" ओळीने ऐकले की चौथ्यानंतर पोरे एकमेकांना कोपर मारायला लागतात. आता मी आठवड्याला एकच नियम घेतो, तोही त्या आठवड्यात मोडला जाणारा. जूनमध्ये बालरथचा: "बस पूर्ण थांबेपर्यंत जागेवर बसून राहा. पायरी ओली असते. आधी लहान वर्ग उतरतील." मनाईपेक्षा काय करायचे ते सांगितले की वर्गात नंतर विचारताही येते, आधी कोण उतरणार म्हणून.

स्लाइडवरचा "काळे बूट अनिवार्य" हा नियम मात्र पावसात आम्ही वाचतच नाही. आमच्याकडे तेव्हा सँडल चालतात. फाईल ते विसरते.

डिचोलीची बाई

आणि यशाची स्लाइड? तिथे मी अडते. "निकाल १००%", "बुद्धिबळ: तालुक्यात प्रथम", खाली सतरा नावे.

निवृत्त मास्तर, सत्तरी

"प्रथम" दिसले की तीन गोष्टी विचारायच्या: कोणत्या स्पर्धेत, कोणत्या गटात, कोणत्या वर्षी. पालकसभेच्या स्लाइडवर मागच्या दोन-तीन वर्षांचे यश एकत्र बसवलेले असते आणि त्यातला मुलगा एव्हाना कॉलेजात असतो. समोर रांगेत उभ्या असलेल्यांचीच नावे घ्या. नाव कसे उच्चारायचे ते त्या मुलालाच विचारा. हजेरीपटावर इंग्रजीत लिहिलेले Gaonkar वाचणाऱ्याच्या तोंडी काहीही होते. निकालाचा टक्का मुलांना नको, तो पालकांसाठी होता.

पेडणेकर सर

टक्का नको हे मला पटत नाही. दहावीच्या मुलांनी तो ऐकायला हवा.

माजी निवेदिका

ऐकल्यावर आमच्या वर्गाला नुसती भीती वाटायची, सर.

पेडणेकर सर

थोडी वाटू दे की.

वास्कोची आई

सतरा नावे असतील तर सतराही घ्या. एकाचे राहिले की आईचा फोन येतो. मीच केला होता.

निवृत्त मास्तर, सत्तरी

सतरा घ्यायचीच असतील तर एका दिवशी एका स्पर्धेची घ्या, म्हणजे टाळ्या वाजतात. आणि यश आधी, सूचना नंतर. शेवटचे ऐकलेले घेऊन मुले वर्गात जातात.

पेडणेकर सर

मी उलटे करतो. सूचना आधी, कारण पहिले मिनिट सगळे शांत असतात. टाळ्या वाजल्या की पुढचे कोण ऐकतो?

डिचोलीची बाई

या सोमवारी मास्तरांच्या क्रमाने वाचून घेते, पुढच्या सोमवारी सरांच्या. दोन्ही वेळा मधल्या सुट्टीत प्रत्येक वर्गातल्या दोघांना एकच विचारणार: आज काय करायचे आहे, आणि कोणाकडे? एक अजून राहिले. छापील मजकुरावर हेडसरांची सही घेता का? आमच्याकडे सूचना वाचून झाल्यावर "हे कोणी सांगितले?" असे विचारले जाते.

संगणकवाला, मडगाव

सही घ्या. आणि फाईलच्या नावात वर्षासकट तारीख घाला. `suchana_16june2025` असे काहीतरी. नाहीतर पुढच्या वर्षी हीच सूचना "परवा बुधवारी" म्हणून वाचली जाईल.