मदत हवी आहे: एम मोडवर मांड्यांचे फोटो कोळशासारखे काळे येताहेत

चोपडेकर_२३
ऑटोवर फोटो हलतात म्हणून एम मोड शिकतोय. आखाजीला मामीचे खापरावरचे मांडे टिपायचे होते. तिचे हात हलू नयेत म्हणून शटर १/५०० ठेवलं, अपर्चर ५.६. सगळे फोटो काळे. चूल तेवढी लाल दिसते, बाकी अमावस्या. कॅमेरा बिघडलाय का? रविवारी पाहुणे आहेत, पुन्हा मांडे होणार. लवकर सांगा.

धुळ्याचा_वारा
काय व्हयनं भाऊ, आयएसओ किती होता? ते लिहिलंच नाही.

केळीबाग
लेन्स कोणती? घरात की अंगणात? सकाळ की रात्र? आम्ही काय अंतर्ज्ञानी?

चोपडेकर_२३
आयएसओ १००. तो कमीच ठेवायचा असतो ना? लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली, १८-५५. मागच्या पडवीत, सकाळी. दार आहे, पण धूर आणि एक बल्ब.

जुना_रोलवाला
आयएसओ १०० बरोबरच आहे. आम्ही १०० च्या रोलवर अख्खी लग्नं काढली. उन्हात अपर्चर १६, शटर १/१०० च्या आसपास, मीटरकडे बघायचीही गरज नाही. चाळीस वर्षांत हा हिशोब चुकला नाही. आयएसओ वाढवला की दाणे येतात, फोटोची माती होते. १०० वरच काढ आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळव.

तापीकाठ
काका, उन्हाचा तुमचा हिशोब पक्का आहे, पण पोरगा पडवीत बसलाय.

चोपडेकर, कॅमेरा ठीक असावा. मामीचा एखादा ऑटोवरचा फोटो असेल तर तो कॅमेऱ्यात उघड आणि माहिती बघ. तीन आकडे दे: अपर्चर, शटर, आयएसओ. आणि एम मोडवर खालच्या पट्टीवरचा काटा कुठे होता?

चोपडेकर_२३
ऑटोवर: ५.६, १/६०, आयएसओ ३२००. उजेड एकदम बरोबर, पण मांड्याच्या जागी नुसता पांढरा फडका आणि बांगड्यांच्या हिरव्या रेघा. एम मोडवर काटा उणे बाजूला टोकाला लुकलुकत होता. मला वाटलं बॅटरी.

तापीकाठ
मग झालं निदान. त्या पडवीत किती उजेड आहे हे कॅमेऱ्याने ऑटोवर मोजून दिलं आहे. ते तीन आकडे म्हणजे तुझी सुरुवात. पुढे एक आकडा हलवला की दुसरा हलवून भरपाई करायची, नाहीतर फोटो तेवढा काळा किंवा पांढरा होणार.

तू काय केलंस बघ. शटर १/६० वरून १/५०० नेलं. १/६०, १/१२५, १/२५०, १/५००: दर पायरीला उजेड निम्मा, म्हणजे तीन पायऱ्या गेल्या. वर आयएसओ ३२०० वरून १००. १६००, ८००, ४००, २००, १००: आणखी पाच. एकूण आठ वेळा निम्मं केलंस. हवं त्याच्या अडीचशेव्या भागाइतका उजळ फोटो. काळा नाही येणार तर काय?

आता १/५०० ची हौस सोड. मांडा कोपरावर झेलताना हात क्षणभर थांबतो, तेव्हा १/२५० पुरतं. म्हणजे दोनच पायऱ्या भरायच्या. तुझी लेन्स ५५ ला ५.६ च्या पुढे उघडत नाही, पण १८ ला ३.५ पर्यंत उघडते. झूम मागे घे आणि दोन पावलं पुढे सरक. तिथे एक पायरी आणि वर थोडं मिळतं. उरलेली एक आयएसओ ६४०० वर. बहुतेक कॅमेऱ्यांत चाकाच्या तीन टिकटिक म्हणजे एक पायरी. शटरला सहा टिक दिल्या, लेन्सकडून चार आणि आयएसओकडून तीन आल्या. एक टिक जास्तच.

जुना_रोलवाला
६४००! अरे, वाळू दिसेल वाळू.

तापीकाठ
दिसेल थोडी. पण वाळू येते ती आत प्रकाश कमी पडल्यामुळे. सेन्सरवर आलेला प्रकाश तोच राहतो, आयएसओ फक्त तो मोठा करून दाखवतो. १०० वर काळा काढून कॉम्प्युटरवर आठ पायऱ्या उचलून बघा, मग वाळूचा डंपर दिसेल. रोलमध्ये १०० बदलता येत नव्हता, म्हणून तुम्ही बाकी दोघांवर भागवत होता.

केळीबाग
कशाला एवढी आकडेमोड? ५० ची १.८ वाली लेन्स घे. मी घेतली. अपर्चर २ ठेवलं की ऑटोच्याच ३२०० आयएसओवर शटर १/५०० मिळतं. विषय संपला.

तापीकाठ
हिशोब बरोबर आहे. पण पाच फुटांवरून २ ला फोकसमध्ये चार बोटांएवढीच खोली राहते. मामीचा चेहरा स्पष्ट, पुढे आलेले हात धूसर. त्याला हात हवे आहेत.

फैजपूरची_लेक
विषयांतर होतंय, पण मांडा कोपरापर्यंत ताणला जातो म्हणजे कणीक काय दर्जाची असेल! गहू कोणता? आमच्याकडे फाटतो.

धुळ्याचा_वारा
पीठ वस्त्रगाळ नसेल. आणि मांडे खावे तर आमच्या धुळ्याकडचे.

फैजपूरची_लेक
वाद नको. गव्हाचं सांगा.

नंदुरबारी
मला पण मदत हवी आहे. आमच्याकडे दुपारच्या लग्नात एम मोडवर सगळं पांढरं फटक. अपर्चर १.८, शटर १/४००० च्या पुढे जात नाही.

जुना_रोलवाला
बघा, इथे माझा १६ चा नियम चालतो!

चोपडेकर_२३
घरी करून बघितलं. आई भाकरी थापत होती. १८ वर ३.५, १/२५०, ६४००. उजेड आला! बोटं दिसतात, पीठ उडालेलं दिसतं. पण दोन शंका. भाकरी फ्रेममध्ये मोठी आली की काटा अधिककडे पळतो, मग मी कमी करू का? आणि काही फोटोंत आडवे काळपट पट्टे आले आहेत.

तापीकाठ
काट्याच्या मागे धावू नकोस. मीटरला सगळं जग राखाडी करायचं असतं. पांढरा मांडा मोठा दिसला तर तो "उजेड जास्त" म्हणतो, काळं खापर दिसलं तर उलट. ऑटो त्याचं ऐकून मांडा करडा करतो. एम मोडचा फायदाच हा की पडवीतला उजेड बदलत नाही तोवर आकडे जिथल्या तिथे ठेवता येतात. पहिला फोटो बघून मांड्याच्या पांढऱ्यात तपकिरी डाग नीट दिसतात का ते तपास. विरघळले असतील तर तेव्हाच शटरला एक-दोन टिक दे.

पट्टे बल्बचे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही बल्ब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. १/१०० वर पट्टे जवळपास जातात.

चोपडेकर_२३
पण १/१०० वर हात हलतात ना!

तापीकाठ
हो, तिथेच पेच आहे. बल्ब बंद करून दाराच्या उजेडावर काढ, पण मग आकडे नव्याने मोजावे लागतील. ऑटोवर एक फोटो, ते तीन आकडे, तिथून पुढे.

केळीबाग
किंवा फ्लॅश.

चोपडेकर_२३
धुरात फ्लॅश मारला होता, सगळा धूरच पांढरा दिसला. बल्बबद्दल मामीला विचारलं. म्हणाली, "बल्ब बंद केला तर मांडा करपलेला कळायचा कसा? तुझा फोटो राहू दे." दार पूर्ण उघडायला मात्र तयार आहे. फैजपूरच्या ताई, गव्हाचंही विचारतो.

नंदुरबारी
माझ्या लग्नाचं काय?