मदत हवी आहे: कंडेन्सेट पंपात खडी पडल्यासारखा आवाज, इम्पेलर 4 महिन्यांत खल्लास

बॉयलरवाला_पुणे: पुण्याजवळच्या एका डेअरीत बॉयलर हाऊस बघतो. उघड्या कंडेन्सेट टाकीखालचा पंप सहा वर्षं गुमान चालला. आता आत कोणी मूठमूठ खडी टाकतंय असा आवाज येतो. उघडला तर पात्यांच्या तोंडापाशी, मागच्या बाजूला बिडाचा पार स्पंज झालेला. पाण्याची पातळी पंपापेक्षा 1.5 मीटर वर आहे, म्हणजे सक्शनला पाणी भरपूर. कॅटलॉगमध्ये आमच्या फ्लोला एनपीएसएच, म्हणजे सक्शनला पाण्याच्या वाफदाबावर लागणारा जादा दाब, 3 मीटर लिहिलंय. बदल काही नाही, फक्त दिवाळीत ट्रॅप बदलून लाइनला उष्णता टिकवणारं लॅगिंग केलं. टाकी 80 अंशांवर असायची, आता 95 असते.

फिटरदादा: हवा ओढतोय. ग्लँड आवळा आणि सक्शन व्हॉल्व्ह थोडा दाबा, आवाज जातो.

शेतीवाडी: आमच्या विहिरीवरही मे महिन्यात असंच होतं! फूट व्हॉल्व्ह बदलून बघा.

जुना_पंपवाला: फिटरदादा, सक्शन दाबू नका, दुखणं वाढेल. टाकी वर असल्याने सक्शनला दाब आहे, ग्लँड गळलं तर पाणी बाहेर येईल, हवा आत जाणार नाही. हे बुडबुडे वाफेचे आहेत. पात्याच्या तोंडाशी दाब पडतो, पाणी तिथे उकळतं, पुढे दाब वाढला की बुडबुडे फुटून धातू टोकरतात.

बॉयलरवाले, तुमचा गुन्हेगार लॅगिंगच्या वाक्यात आहे. हिशेब करा: हवेचा दाब पुण्याच्या उंचीवर साधारण 10 मीटर, त्यात पातळीचे 1.5 मिळवा, पाइप-गाळणीत 0.8 गेले असं धरा. उरले 10.7. 80 अंशांना पाण्याचा स्वतःचा वाफदाब 5 मीटर खातो, हातात 5.7 राहतात. 95 ला तो 9 मीटर खातो, उरतात जेमतेम 1.7. पंपाला हवेत 3. शिवाय ते 3 म्हणजे हेड 3 टक्के पडल्यावरचा आकडा, कुरतडणं त्याआधीच सुरू झालेलं असतं. म्हणून वर मीटरभर जास्तच ठेवा.

शेतीवाडी, तुमचं वेगळं आहे, उन्हाळ्यात पाणी खाली जातं. पंपच खाली उतरवा.

बॉयलरवाला_पुणे: म्हणजे वाफ वाचवली आणि पंप खाल्ला! टाकी अडीच मीटर उचलायची तर छत आड येतं.

जुना_पंपवाला: मग कमी एनपीएसएच लागणारा, कमी आरपीएमचा पंप बघा. तोवर गाळणी साफ करा आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा दाबा. फ्लो कमी झाला की गरजही उतरते, पण 1.7 मध्ये बसेल असं नाही. स्टेनलेसचा इम्पेलर जास्त टिकेल, आवाज मात्र तसाच राहील.

फिटरदादा: टाकीत थंड पाणी सोडलं तर?

जुना_पंपवाला: चालेल, पण मग लॅगिंग कशाला केलं?

बॉयलरवाला_पुणे: गाळणीत वेल्डिंगचा कचरा निघाला. डिलिव्हरी दाबल्यावर आवाज निम्मा झाला. बॉयलरला पाणी पुरतंय का, ते आज रात्रपाळीत कळेल.