नव्या ब्लॉगचं वेळापत्रक: आधी आखावं की सुचेल तसं लिहावं?

खलबत्ता: पारंपरिक पदार्थांचा ब्लॉग येत्या पाडव्याला सुरू करतेय. बारा लेख तयार आहेत. पुढे तो बंद पडू नये म्हणून वेळापत्रक कसं आखू?

उंबरठा: पहिल्या दिवशी चारच टाका, आठ राखून ठेवा. पंधरवड्याला एक धरलात तर सोळा आठवडे निघतात. बहुतेक ब्लॉग इथेच फसतात: सगळे लेख पहिल्या महिन्यात संपतात आणि मग प्रत्येक लेख ऐन वेळी लिहावा लागतो. शिल्लक चारवर आली की अंतर लगेच तीन आठवड्यांचं करा, शून्य होण्याची वाट पाहू नका.

वहीत दोन तारखा लिहा, फोटोची वेगळी आणि प्रसिद्धीची वेगळी. शेवळं ही रानभाजी. ती पहिल्या पावसाच्या आसपास जेमतेम काही आठवडे मिळतात. आणली, सोबत काकडं ही रानफळं घालून भाजी केली, फोटो काढले, लिहिलं, तोवर बाजारातून गेलेली असतात. यंदाच्या जूनचे फोटो पुढच्या मेअखेरच्या लेखाला, असंच धरा. साबुदाणा वडा, थालीपीठ असे बारमाही पदार्थ अडीअडचणीसाठी मागे ठेवा.

रानवाट: मला हे पटत नाही. रकाना भरायचा म्हणून लिहिलेला लेख वाचणाऱ्याला लगेच कळतो. शेवळं नीट चिरली नाहीत, काकडं कमी पडली, तर घसा खाजतो. हे ज्याने त्याच आठवड्यात केलंय तो जितकं नेमकं लिहील, तितकं वर्षभरानंतर कोण लिहिणार?

उंबरठा: म्हणून टिपण त्याच दिवशी करायचं: किती काकडं घातली, किती वेळ शिजवलं. थांबवायची ती फक्त प्रसिद्धी.

तांब्याभांडं: एवढं कशाला? सणांप्रमाणे आखा, तीन आठवडे आधी लेख टाका. एकदा यादी केली की दरवर्षी तीच.

उंबरठा: तीन आठवडे बरोबर, नव्या ब्लॉगचा लेख शोधात दिसायलाही वेळ लागतो. पण तारखा दरवर्षी बदलतात. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबरला, 2027 मध्ये 4 सप्टेंबरला. 2026 चीच यादी पुढे चालवली तर मोदकांचा लेख 24 ऑगस्टला येईल आणि हाताशी अकराच दिवस उरतील. यादीत सणाचं नाव लिहा, तारीख दर पाडव्याला नव्या पंचांगातून भरा.

चुलीपाशी: माझं तर वेळापत्रकच बिघडलंय. वर्डप्रेसवर सकाळी आठची वेळ लावते, लेख दुपारी दीडला येतो.

उंबरठा: Settings → General मध्ये Timezone हे UTC वर राहिलंय. Kolkata निवडा. आधी वेळ लावून ठेवलेले लेखही एकदा उघडून तपासा.

रानवाट: फोटोच्या वेगळ्या तारखेचं पटलं. पंधरवड्याचं बंधन मात्र अजून नाही. पावसाळ्यात रानभाज्या एकापाठोपाठ एक येतात, तेव्हा आठवड्याला दोन लेख का नकोत?