मदत हवी आहे: तीन कर्जांपैकी आधी कोणते फेडावे – सर्वांत लहान की सर्वांत महाग?

डोंगरवाट

नमस्कार. माझ्यावर सध्या तीन कर्जे आहेत आणि ती कोणत्या क्रमाने फेडावीत याबद्दल घरात एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

दुचाकीच्या कर्जाचे १० हप्ते उरले आहेत. हप्ता ३,२५० रुपयांचा असून विक्रेत्याने दर १० टक्के सांगितला होता. मूळ कर्ज ९०,००० रुपये, तीन वर्षांसाठी. क्रेडिट कार्डाची बाकी ८०,००० रुपये आहे आणि तिच्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागते. वैयक्तिक कर्जाचे मुद्दल अडीच लाख उरले आहे, दर १५ टक्के, हप्ता ९,५००. घरखर्च आणि हे दोन्ही हप्ते जाऊन महिन्याला १२,००० रुपये हातात राहतात. डिसेंबरपासून ते सगळे कर्जाकडेच वळवायचे ठरवले आहे.

पत्नीचे म्हणणे असे की सर्वांत लहान कर्ज, म्हणजे दुचाकीचे, आधी संपवावे. एक तरी खाते बंद झालेले दिसले पाहिजे. याला स्नोबॉल पद्धत म्हणतात असे वाचले. माझे मत ॲव्हलांच पद्धतीकडे, म्हणजे जास्त दराचे कार्ड आधी, असे झुकते. पैशांत नेमका किती फरक पडतो, हे कुणी आकडे मांडून सांगू शकेल का?

अण्णा_कराडकर

यात विचार करण्यासारखे काय आहे? सर्वांत जास्त व्याज अडीच लाखांवर जाते. महिन्याला तीन हजारांहून अधिक रुपये नुसते व्याजात जात असताना तीस हजारांच्या दुचाकीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मोठ्या कर्जावर घाव घाला.

जमाखर्च

अण्णा, वैयक्तिक कर्जावर महिन्याला ३,१२५ रुपये व्याज जाते हे खरे; पण ते इतके दिसते याचे कारण मुद्दल मोठे आहे, दर नव्हे. आज हाताशी असलेले दहा हजार कुठे टाकले तर पुढच्या महिन्याचे व्याज किती वाचेल, एवढाच प्रश्न विचारायचा. वैयक्तिक कर्जात टाकले तर १२५ रुपये वाचतील. कार्डावर टाकले तर साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरून ४१३ रुपये वाचतील. कार्डाच्या विवरणात व्याजाच्या ओळीखाली जीएसटीची वेगळी ओळ असते आणि बहुतेक लोक ती दरात धरतच नाहीत. ती धरली की हा दर वर्षाला साडेएकोणपन्नास टक्क्यांच्या घरात जातो.

डोंगरवाट, तुमच्या माहितीतला एक आकडा मात्र खटकतो. ९०,००० रुपयांवर तीन वर्षे १० टक्क्यांनी सरळ २७,००० व्याज लावले की १,१७,००० होतात, आणि त्याला ३६ ने भागले की बरोबर तुमचा ३,२५० चा हप्ता येतो. म्हणजे हा फ्लॅट दर आहे. मुद्दल दर महिन्याला घटत असूनही व्याज पूर्ण ९०,००० वर धरलेले आहे. घटत्या शिलकीवर मोजाल तर तोच दर १८ टक्क्यांच्या आसपास भरतो. त्यामुळे दुचाकी तुमच्या वैयक्तिक कर्जापेक्षा महाग आहे, आणि दोन्ही पद्धतींत वैयक्तिक कर्जाचा नंबर शेवटीच लागतो. तुमचा वाद फक्त कार्ड आधी की दुचाकी आधी, एवढ्यापुरता उरतो.

तोही हिशेब मांडून पाहिला. कार्डाला दरमहा पूर्ण १२,००० दिले आणि दुचाकीचा हप्ता चालू ठेवला, तर कार्ड आठव्या महिन्यात मिटते आणि त्यावर सुमारे १५,५०० रुपये व्याज जाते. उलट, कार्डावर किमान भरणा म्हणून ४,००० देऊन उरलेले ८,००० दुचाकीत घातले, तर दुचाकी तिसऱ्याच महिन्यात मोकळी होते, पण कार्ड नवव्या महिन्यापर्यंत लांबते आणि त्याचे व्याज २०,४०० च्या पुढे जाते. दुचाकीवर वाचलेले साधारण १,७०० त्यातून वजा करा. स्नोबॉल तुम्हाला सुमारे ३,३०० रुपयांनी महाग पडेल. गंमत अशी की दोन्ही वाटांनी नववा महिना संपेपर्यंत ही दोन्ही कर्जे संपवता येतात.

या काळात कार्डावर नवी खरेदी करू नका. मागची बाकी पूर्ण फिटलेली नसली की नव्या खरेदीला व्याजमुक्त मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

प्रशांत_ठाणे

गृहकर्जात जादा पैसे भरल्यावर हप्ता कमी करून घेण्यापेक्षा मुदत कमी करून घ्यावी. मी तसेच केले आणि व्याजात मोठी बचत झाली.

डोंगरवाट

प्रशांत, सल्ल्याबद्दल आभार, पण माझे गृहकर्ज नाही.

जमाखर्च, फ्लॅट दराचे लक्षातच आले नव्हते. दुचाकीच्या कर्जात थोडे थोडे जादा पैसे भरता येतात का, हे आज विचारून येतो.

मीनल

फरक ३,३०० रुपयांचाच असेल, तर मी वहिनींच्या बाजूने आहे. अमेरिकेत डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅक्शेन यांनी २०१२ मध्ये कर्ज तडजोड करून देणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांची खाती संख्येने अधिक बंद होत गेली, ते संपूर्ण कर्जमुक्तीपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक दिसली, आणि बंद झालेल्या खात्यांची रक्कम किती होती याने त्यात विशेष फरक पडत नव्हता. ते ग्राहक आधीच थकबाकीदार होते, त्यामुळे नियमित हप्ते भरणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. तरीही ॲव्हलांचचा हिशेब आठही महिने न चुकता १२,००० भरले तरच खरा ठरतो. चौथ्या महिन्यात कंटाळून कार्डावर टीव्ही घेतला, की ३,३०० ची बचत कुठल्या कुठे जाते.

पावसाळी

आमच्याकडे क्रम वेगळ्याच कारणाने ठरला. पतसंस्थेचे कर्ज ना सर्वांत लहान होते ना सर्वांत महाग, पण त्याला मोठे मामा जामीनदार होते. आमचे हप्ते थकले तेव्हा नोटीस त्यांच्या घरी गेली, आणि त्यानंतर लग्नकार्यात समोरासमोर येणेसुद्धा अवघड झाले. आम्ही ते कर्ज आधी मिटवले. व्याजाने थोडे नुकसान झाले असेल, ते आम्ही मोजले नाही. तुमच्या तिन्ही कर्जांत कुणी जामीनदार आहे का, हे आधी पाहा.

डोंगरवाट

जामीनदार कुणी नाही. वित्तकंपनीच्या शाखेतून पत्र घेऊन आलो. मुद्दल आजच्या तारखेला २९,९७२ रुपये आहे. अधूनमधून जादा रक्कम स्वीकारत नाहीत. कर्ज एकरकमीच बंद करावे लागते आणि त्यावर ५ टक्के शुल्क अधिक जीएसटी पडतो. तिथल्या कर्मचाऱ्याने मात्र तोंडी सांगताना सरळ उरलेले दहा हप्ते, म्हणजे ३२,५०० भरा, असे सांगितले होते. हे शुल्क नियमात बसते का?

आणखी एक गोष्ट आधी लिहायची राहिली. पत्नी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे एप्रिल आणि मे महिन्यांत तिचे मानधन नसते. त्या दोन महिन्यांत १२,००० बाजूला पडतील की नाही याची खात्री नाही.

जमाखर्च

पत्र घेतलेत हे उत्तम झाले. उरलेले सगळे हप्ते एकदम भरून कर्ज बंद करण्यात व्याजाचा एक रुपयाही वाचत नाही, म्हणून मुद्दलाचा आकडा लेखीच मागावा. शुल्काबद्दल सांगायचे तर व्यक्तीने व्यवसायासाठी न घेतलेल्या कर्जाचा दर बदलता असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते घेता येत नाही. तुमचा दर स्थिर आहे, तेव्हा करारात लिहिलेले असल्यास ते द्यावे लागेल.

आता आकडे बदलतात. दरमहा ८,००० बाजूला ठेवून तिसऱ्या महिन्यात दुचाकी एकरकमी मिटवावी लागेल. तोवर कार्डाचे व्याज चालूच राहील आणि वर शुल्काचे चौदाशे-एक रुपये जातील. फरक ३,३०० वरून साधारण साडेपाच हजारांवर जातो.

पण एप्रिल-मेचा मुद्दा वहिनींच्या बाजूचा आहे. मार्चअखेर दोन्ही वाटांनी कार्ड आणि दुचाकी मिळून देणे जवळपास सारखेच, एकसष्ट ते पासष्ट हजारांच्या दरम्यान, असेल. मात्र कार्ड आधी घेतले तर एप्रिलमध्ये दोन हप्ते आणि कार्डाचा किमान भरणा मिळून सुमारे १४,९०० रुपये सक्तीचे असतील. दुचाकी आधी संपवली असेल, तर हीच रक्कम १२,७०० च्या आसपास येते. मानधन नसलेल्या महिन्यात बावीसशे रुपयांचा हा फरक जाणवतो, आणि हप्ता चुकला तर दंडही लागतो व नोंदही खराब होते.

तरी या सगळ्याहून मोठी रक्कम दुसरीकडे अडकली आहे. तुमच्या नोकरीच्या ठिकाणी सेवकांची पतपेढी आहे का? तिच्याकडून १२ टक्क्यांनी ८०,००० मिळाले आणि त्यातून कार्ड एका दिवसात मिटवले, तर तेच १२,००० दरमहा भरून सात महिन्यांत सुमारे ३,२०० रुपये व्याज जाईल. कार्डावरच ठेवले तर १५,५००. क्रमाचा वाद साडेपाच हजारांचा आहे. दर बदलण्यात बारा हजार आहेत.

अण्णा_कराडकर

एक कर्ज फेडायला दुसरे कर्ज, ही सवय वाईट. कार्ड रिकामे झाले की पुन्हा भरते, हे मी शेजारी पाहिले आहे.

जमाखर्च

अण्णा, ही भीती खरी आहे. म्हणूनच कार्ड मिटवले त्याच दिवशी त्याची मर्यादा दहा-पंधरा हजारांवर आणायला बँकेला लेखी कळवावे. तेवढे होणार नसेल, तर पतपेढीचे कर्ज घेऊ नये, या मताशी मी सहमत आहे.

डोंगरवाट

पतपेढी आहे आणि मी सभासदही आहे. चौकशी केली, दर साडेअकरा टक्के आहे. दोन सहकाऱ्यांची जामीनकी लागेल आणि अर्ज महिनाअखेरच्या सभेत जाईल. पावसाळी यांचा अनुभव वाचल्यावर सहकाऱ्यांपुढे कागद ठेवताना थोडा संकोच वाटतो आहे. पत्नीची अट अशी की पतपेढीचे कर्ज मिळाले, तर उरलेली पहिली रक्कम दुचाकीलाच जावी, पतपेढीला केवळ ठरलेला हप्ता. दर पाहता त्यात मला आता आक्षेपार्ह काही दिसत नाही.

मीनल

आक्षेप नसणारच, साडेअकरा, पंधरा आणि अठरा यांत दुचाकीच सर्वांत महाग उरते आणि तीच सर्वांत लहान आहे. शुल्काचा आकडा मात्र पुन्हा धरून पाहा, कारण पाच-सहा हप्तेच उरले असतील तर ५ टक्के शुल्क देऊन वाचणाऱ्या व्याजापेक्षा खर्चच जास्त होऊ शकतो. आणि दुचाकी मोकळी झाल्यावर ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकावरचा बोजा आरटीओकडून उतरवून घ्या. पुढे विकताना नेमके तिथेच अडते.