मूळ आणि कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ शेजारी शेजारी लावला, फरक दिसला नाही. मग मूळ फाइल पुसावी का?

मृण्मयी
एका नाट्यप्रयोगाचं दीड तासाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम, ८ बिट. कॅमेरा स्टँडवर स्थिर, मागे काळा पडदा, रंगमंचावर हलका धूर आणि एका बाजूने प्रकाश. फाइल फार मोठी आहे म्हणून libx264 हा एन्कोडर वापरून सीआरएफ २८ वर लहान केली; हा आकडा जितका मोठा तितकी फाइल लहान आणि दर्जा कमी. दोन्ही फाइली डावी-उजवीकडे जोडून एक व्हिडिओ केला, तो व्हिडिओ साइटवर चढवला आणि गटातल्या सगळ्यांना दाखवला. कोणालाच फरक सांगता आला नाही. माझं मत सरळ आहे: डोळ्यांना जे दिसत नाही ते नुकसान नाही. मूळ फाइल पुसायला हरकत आहे का?

श्रीरंग
मृण्मयी, पुसू नकोस. तुझं तत्त्व मला मान्य आहे, पण फरक दिसायची संधीच त्या मंडळींना मिळालेली नाही.

१९२० रुंदीच्या दोन फाइली जोडल्या की ३८४० रुंदीचं चित्र होतं. ते साध्या १९२०च्या स्क्रीनवर पाहिलं की प्रत्येक बाजू निम्म्या आकारात दिसते. धुरातला बारीक पोत आणि पडद्यावरचे छोटे चौकोन त्या आकुंचनातच मिटून जातात. वर साइटने तुझा व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस केला. डावीकडच्या मूळ चित्रातले बारीक कणही तिने खाल्ले, म्हणजे दोन्ही बाजू एकाच पातळीवर आल्या. लोकांनी पाहिलं ते साइटच्या एन्कोडरचं काम.

चित्र लहान न करता दोन्हींमधला तोच मधला भाग कापून घे आणि जोडलेली फाइल लॉसलेस ठेव, म्हणजे जोडताना दर्जा आणखी घटणार नाही:

```
ffmpeg -ss 2460 -t 30 -i original.mkv \
       -ss 2460 -t 30 -i small.mp4 \
-filter_complex "[0:v]setpts=PTS-STARTPTS,crop=960:1080:480:0[a];\
[1:v]setpts=PTS-STARTPTS,crop=960:1080:480:0[b];\
[a][b]hstack=shortest=1[v]" \
-map "[v]" -c:v libx264 -qp 0 -preset ultrafast compare.mkv
```

९६० अधिक ९६०, म्हणजे पुन्हा १९२०. फुलस्क्रीन केलं की फाइलमधला एक पिक्सेल स्क्रीनवरही एकच पिक्सेल राहतो. तीस सेकंद पुरेत, कारण लॉसलेस फाइल झपाट्याने फुगते. ती फोनवर किंवा ब्राउझरमध्ये बहुधा चालणारही नाही. `-qp 0` ने एच.२६४चं जे प्रोफाइल वापरलं जातं ते तिथले बरेच डिकोडर वाचत नाहीत. संगणकावर एमपीव्ही प्लेअरमध्ये चालव आणि कोणाला पाठवायची असेल तर फाइल म्हणूनच पाठव, साइटवर चढवू नकोस.

बघताना नटाच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, पडद्याकडे बघ. libx264 स्वतःहून जास्तीत जास्त २५० फ्रेमनंतर नवी कीफ्रेम, म्हणजे आधीच्या फ्रेमवर न विसंबता पूर्ण साठवलेली फ्रेम, टाकतो; तुझ्या फाइलमध्ये ती साधारण दर १० सेकंदांनी येईल. प्रकाश एकदम बदलला तर मधेही पडेल. बिटरेट अपुरा असेल तर स्थिर काळा पडदा हळूहळू चिखलासारखा सपाट होत जातो आणि कीफ्रेम आली की पोत एकदम परत येतो. ही उडी थांबवलेल्या चित्रात कधीच सापडत नाही, चालत्या व्हिडिओतच दिसते. तीस सेकंदांत ती दोन-तीनदा दिसायला हवी. डावीकडे नाही आणि उजवीकडे ठरावीक अंतराने आहे असं झालं, तर तो कॉम्प्रेशनचाच मार आहे.

अनिकेत
शेजारी शेजारी लावणं हीच पद्धत मला पटत नाही. नजर डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत बारीक तपशील डोक्यात राहत नाही. त्यापेक्षा दोन्ही फाइली एकमेकींतून वजा करा. hstack च्या जागी `blend=all_mode=difference` टाका, त्याआधी दोन्हींना `format=gbrp` लावा, नाहीतर चित्र हिरवं दिसतं. मग उजळपणा वाढवा. मी माझ्या फाइलींवर हेच करतो. सीआरएफ २८ वर अख्खी फ्रेम चमचमते. जिथे चमचम तिथे नुकसान, वादच मिटला.

मंजिरी
वाद मिटत नाही, अनिकेत. उजळपणा आठपट वाढवलास तर सीआरएफ १८ सुद्धा चमचमेल. कॅमेऱ्याच्या सेन्सरचा नॉइज, म्हणजे चित्रातले बारीक कण, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो आणि एन्कोडर तो जसाच्या तसा कधीच ठेवत नाही. वजाबाकीला एवढंच कळतं की आकडा बदलला. माणसाला तो बदल जाणवतो का, हे तिला कळत नाही. गुळगुळीत भिंतीवरची दोन पातळ्यांची पायरी डोळ्याला खुपते, पण झाडाच्या पानांमधला दहा पातळ्यांचा फरक लपून जातो. वजाबाकीत मात्र पानंच जास्त उजळ दिसणार.

पण डोळ्यांवरही माझा भरवसा नाही. उजवीकडे लहान फाइल आहे हे माहीत असलं की माणूस उजवीकडेच दोष शोधतो. त्यापेक्षा चित्राच्या दर्जाचा व्हीमॅफ अंक काढा. नेटफ्लिक्सने ते २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. माणसांनी दिलेल्या गुणांवरून शिकवलेलं माप आहे आणि अख्ख्या दीड तासाचं एकाच पद्धतीने मोजतं. तुमचे तीस सेकंद कोणी निवडले, का निवडले, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

श्रीरंग
उजवीकडच्या पूर्वग्रहाचं मंजिरी बोलली ते अगदी खरं आहे. उपाय सोपा आहे: `[a][b]hstack` ऐवजी `[b][a]hstack` करून दुसरी फाइल बनवायची आणि कोणती कुठली हे बघणाऱ्याला सांगायचं नाही. याचा आणखी एक फायदा होतो. बऱ्याच स्क्रीन कोनातून पाहिल्या की काळा रंग वेगळाच दाखवतात, त्यामुळे एका बाजूचा पडदा उगीच धुरकट वाटतो. बाजू बदलल्यावर दोष नव्या बाजूला गेला तर तो फाइलचा, जागेवरच राहिला तर स्क्रीनचा.

अनिकेत, तुझी वजाबाकी निकालासाठी नको, पण तयारीसाठी उत्तम आहे. हलत्या हाताभोवती दुहेरी रेघ दिसली तर दोन फाइली एका फ्रेमने मागेपुढे आहेत. संपूर्ण फ्रेमवर सारखीच उजळी दिसली तर रंगांच्या पातळ्यांची खूण चुकली आहे, त्याचा कॉम्प्रेशनशी संबंध नाही. या दोन गोष्टी आधी तपासल्या नाहीत तर शेजारी लावूनही भलत्याच दोषावर चर्चा होते.

मंजिरी, व्हीमॅफचा अंक बहुतेक लोक अख्ख्या फाइलच्या सरासरीने वाचतात. दीड तासात चार मिनिटं अंधारात चौकोन दिसले तर सरासरी जेमतेम हलते. शिवाय गडद, सावकाश बदलणाऱ्या छटांमध्ये पडणारे पट्टे ही त्या मापाची जुनी कमजोरी आहे. नेटफ्लिक्सनेच त्यासाठी कॅम्बी नावाचं वेगळं माप काढलं. मृण्मयीचा धूर आणि काळा पडदा म्हणजे नेमकी तीच जागा.

सुलभा
माझाही असाच अनुभव आहे म्हणून विचारते. भाचीच्या भाषणाचा फोनवर घेतलेला व्हिडिओ मेसेजिंग अॅपवरून आला. मूळ फाइल तिच्याकडून मागवून दोन्ही शेजारी लावले. सुरुवातीला ओठ बरोबर हलतात, नंतर एक बाजू मागे पडत जाते. कॉम्प्रेशनने व्हिडिओचा वेगही बिघडतो का? आणि अॅपवरून आलेला आकाराने लहान आहे, तो जोडताना त्रुटी येत होती.

अनिकेत
सुलभाताई, हे वेगळं प्रकरण आहे. फोन बऱ्याचदा फ्रेमचा वेग सारखा ठेवत नाही, प्रकाश कमी झाला की फ्रेमही कमी होतात. अॅपने पुन्हा एन्कोड करताना तो वेग बदललेला असतो. दोन्हींना आधी `fps=30` लावून बघा. तरीही ओठ मागे पडत असतील तर एका फाइलमधल्या वेळाच चुकीच्या आहेत. आणि hstack ला दोन्हींची उंची सारखीच लागते, म्हणून त्रुटी आली.

मंजिरी
उंची जुळवताना लहान फाइलच मोठी करा, मोठी लहान करू नका. `scale=1920:1080:flags=bicubic` चालेल. तुमच्या प्लेअरनेही फुलस्क्रीनला ती ताणलीच असती, म्हणून ही तुलना न्याय्य आहे. मात्र जे दिसेल त्यात आकार घटवल्याचं नुकसान आणि कॉम्प्रेशनचं नुकसान एकत्र असेल. डोळ्याने ते वेगळं काढता येणार नाही.

श्रीरंगदादा, सरासरीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण व्हीमॅफ प्रत्येक फ्रेमचा अंकही लिहून देतं. सगळ्यात खालचे अंक कुठे पडलेत ते बघून तेवढेच तीस सेकंद शेजारी लावावेत. म्हणजे जागा आकडा निवडेल, निकाल डोळा देईल.

श्रीरंग
हे मला पटलं. फक्त आकड्याने निवडलेल्या जागांबरोबर एक गडद तुकडा हाताने निवडून ठेव. जे मापाला दिसत नाही ते त्याच्या यादीतही येणार नाही.

मृण्मयी
सगळं करून पाहिलं. आधी वजाबाकी केली, दुहेरी रेघ कुठेच नाही, म्हणजे फ्रेम जुळलेल्या आहेत. मग मधला भाग कापून लॉसलेस तुकडा केला. पडद्याची उडी पहिल्याच वेळी दिसली, दर दहा सेकंदांनी. धुराच्या कडेला पट्टेही आहेत. बाजू बदलल्यावर दोन्ही दोष नव्या बाजूला गेले. गटातल्या दोघांना काही न सांगता दाखवलं, दोघांनीही लहान फाइल ओळखली. नंतर सीआरएफ २३ वर पुन्हा केलं. पट्टे अगदी बारीक उरले आणि दोघांची उत्तरं जुळेनात. फाइल अर्थातच बरीच वाढली, पण मूळच्या तुलनेत अजून लहानच आहे. आता २३ ठेवून मूळ पुसते.

अनिकेत
२३ ठेव, पण एकदा दुसऱ्या तऱ्हेनेही बघ. दोन्ही फाइली एकाच जागी ठेवून एक बटण दाबून आलटून पालटून दाखवता येतात. नजर हलत नाही, त्यामुळे शेजारी लावून न दिसलेला फरकही उडी मारून पुढे येतो. तिथे २३ सुद्धा पकडलं जाईल, पैज लावायला तयार आहे.

श्रीरंग
पकडलं जाईलच. पण प्रेक्षक फाइली आलटून पालटून कधी बघतो? ती चाचणी नुकसान आहे का हे सांगते, ते खुपेल का हे सांगत नाही. २३ बघण्यासाठी पुरेसं आहे. माझी हरकत पुसण्यालाच आहे. उद्या कोणी या प्रयोगाचा अंधारा भाग उजळून वापरायला घेतला, तर आज न दिसणारे पट्टे ठळक होतील. शेजारी लावलेला व्हिडिओ आजच्या उजळपणावरच निकाल देतो. त्याच तीस सेकंदांच्या दोन्ही बाजूंना `eq=gamma=1.6` लावून बघ आणि मग ठरव.

मंजिरी
या न्यायाने काहीच कधी पुसता येणार नाही, दादा. कशासाठी ठेवतोय हे आधी ठरायला हवं. मृण्मयी, प्रयोग नुसता बघायला हवाय की पुढे त्यावर काम करायचंय?

मृण्मयी
गटाला विचारावं लागेल. गॅमा लावून पाहिलं, २३ वर उजवीकडे धुरात तीन पट्टे स्पष्ट आहेत, मूळमध्ये एकही नाही. तोवर दोन्ही फाइली ठेवते.